ठिपक्यांच्या यादीतून दोन रकाने

दहावीच्या विज्ञानातला 'उष्णता' हा धडा घ्या. अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, दवबिंदू, विशिष्ट उष्माधारकता. बहुतेक मुलांच्या फाइलमध्ये या व्याख्या ठिपके देऊन एकाखाली एक लिहिलेल्या असतात. संज्ञा आणि व्याख्या एकाच ओळीत असल्याने उत्तर झाकून स्वतःला प्रश्न विचारता येत नाही. तीच यादी दोन रकान्यांत मांडली की उजवी बाजू झाकता येते.

त्यासाठी सगळे पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. वर्ड आहे त्या मजकुराचाच तक्ता करून देतो. फक्त संज्ञा कुठे संपते हे त्याला एका चिन्हाने कळावे लागते, आणि घोळ नेमका तिथेच होतो. ही ओळ पाहा:

```
पाण्याचे असंगत आचरण - 0-4 °C दरम्यान तापवल्यास पाणी आकुंचन पावते
```

आडवी रेघ हेच विभाजक चिन्ह दिले, तर वर्ड '0-4' चेही दोन तुकडे करतो आणि तिसरा रकाना उभा राहतो. म्हणून आधी संपूर्ण यादी निवडून ठिपके काढा. मग Replace उघडून, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेली रेघ शोधा आणि तिच्या जागी टॅब घाला. टॅबची खूण `^t` अशी लिहितात. '0-4' मधल्या रेघेभोवती जागा नसल्याने ती शाबूत राहते.

आता यादी निवडून Insert, Table, Convert Text to Table असे जा आणि Tabs निवडा. या चौकटीत रकान्यांची संख्या 2 दिसायला हवी. 3 दिसली, तर एखाद्या ओळीत जास्तीचा टॅब शिरला आहे. तेव्हा Cancel करून ती ओळ शोधा. तक्ता झाल्यावर निस्तरणे फार कटकटीचे.

तक्त्यात एखादी व्याख्या संज्ञेसकट डावीकडेच राहिली, तर तिथले चिन्ह वेगळे आहे. टाइप करताना वर्ड कधीकधी छोट्या रेघेची आपोआप लांब रेघ करतो. मराठीत आणखी एक चकवा आहे: अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप झालेला असतो. डोळ्यांना 'दवबिंदू:' आणि 'दवबिंदूः' सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन निराळी अक्षरे आहेत. व्याख्येच्या मध्येच एंटर दाबला असेल, तर उरलेला भाग खालच्या ओळीत संज्ञेच्या रकान्यात जाऊन बसतो.

डावा रकाना साधारण एक तृतीयांश रुंदीचा ठेवा. वर्णानुक्रम लावायचा मोह होतो, पण उजळणीसाठी धड्यातला क्रमच बरा. अप्रकट उष्मा समजल्याशिवाय पुनर्हिमायन नीट कळत नाही. छापल्यावर कागद मधल्या रेघेवर दुमडा, आणि एकदा डावी बाजू झाकूनही पाहा: व्याख्या वाचून संज्ञा आठवते का?