दर माणशी नव्हे, धूळ पाहून

कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीतली एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. १४० कामगार, त्यांपैकी ५५ कंत्राटी. व्यवस्थापनाने कामगारांच्या आरोग्यसेवेसाठी दवाखान्यांकडून प्रस्ताव मागवले. पहिला अवघ्या एका पानाचा आहे: कायम ८५ कामगारांची वार्षिक तपासणी, दर माणशी ९०० रुपये, डॉक्टरांची भेट 'गरजेनुसार'. एकूण ७६,५०० रुपये. दुसरा चार लाखांचा. पहिला का नाकारावा, हे आकड्यांआधी व्याप्तीच्या कलमात दिसते.

फाउंड्रीत सर्वांत जास्त धूळ खातो तो फेटलिंगवाला. कास्टिंगवर चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना उडणारी बारीक सिलिका फुप्फुसात खोल जाते आणि काही वर्षांनी सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. अनेक ठिकाणी हे काम कंत्राटी माणसेच करतात, म्हणजे पहिल्या प्रस्तावाने नेमके तेच गाळले. दुसऱ्या दवाखान्याने आधी कारखाना फिरून पाहिला आणि मोल्डिंग, शॉट ब्लास्टिंग व फेटलिंगवरच्या ७० जणांची वेगळी यादी केली. त्यांच्यासाठी छातीचा एक्स-रे, फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आणि कानांची तपासणी ठेवली. कानांची तपासणी पाळी संपल्या संपल्या केली तर गोंगाटाने तात्पुरते बधिर झालेले कान चुकीचा निकाल देतात, म्हणून ती पाळी सुरू होण्याआधी ठरवली.

भेटींचा प्रश्न नियमानेच बराचसा सोडवला आहे. फाउंड्री धोकादायक प्रक्रियांच्या यादीत येते. अशा ५१ ते २०० कामगारांच्या कारखान्यात अर्धवेळ डॉक्टरांनी आठवड्यातून किमान दोनदा यावे, अशी महाराष्ट्र कारखाने नियमांत तरतूद आहे. 'गरजेनुसार' हा शब्द तिथे बसत नाही. दुसऱ्या प्रस्तावात एक भेट सकाळी, दुसरी पाळी बदलताना आहे, म्हणजे रात्रपाळीचा माणूसही डॉक्टरांना भेटतो.

आता हिशेब, दर उदाहरणादाखल. वर्षाला १०४ भेटी, प्रत्येकी २,५०० रुपये: २,६०,०००. सर्व १४० जणांची मूलभूत तपासणी, ६०० रुपये दराने: ८४,०००. त्या ७० जणांच्या खास तपासण्या, ८०० रुपये दराने: ५६,०००. बेरीज चार लाख. पूर्णवेळ ड्रेसर-कंपाउंडरचा पगार वेगळा, तो कारखान्याच्या खात्यावर. तपासणीचा एक पैसाही कामगाराच्या पगारातून कापायचा नसतो.

सही करण्याआधी आणखी एक कलम शोधावे: दवाखाना बदलला तर जुने एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीचे कागद कोणाकडे जातील? फुप्फुसाची क्षमता घसरते आहे, हे मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडल्याशिवाय कळत नाही. दरवर्षी नवा स्वस्त दवाखाना आणि रिकामी फाइल असेल, तर तपासणी होऊनही आजार हाती लागणार नाही. म्हणून नोंदी नव्या डॉक्टरांकडे जातील आणि त्यांची प्रत कामगाराला मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे.