कॉल लागतो, मेसेज जात नाही: सेंटर नंबरचा मागोवा

३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ यांनी संगणकावरून एका मोबाइलवर पहिला एसएमएस पाठवला. कॉल थेट समोरच्याला जोडला जातो; एसएमएस मात्र आधी कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये जातो आणि तिथून पुढे पोचवला जातो. त्या सेंटरचा नंबर चुकला, की कॉल लागतात, आलेले मेसेजही मिळतात, पण आपला एकही मेसेज बाहेर पडत नाही. या बिघाडाची हीच मोठी खूण.

२००० नंतरच्या दशकात बटणांच्या फोनवर हा नंबर मेसेजच्या सेटिंगमध्ये समोरच दिसे. मेसेज जात नसला, की दुकानदार आधी तोच तपासत. नंबर साठवलेला असतो बहुधा सिमवर, कंपनीच तो लिहून देते. त्यामुळे स्मार्टफोन आले तसा तो नजरेआड गेला आणि विस्मरणातही.

त्याची आठवण पुन्हा झाली ती यूपीआयमुळे. नोंदणी करताना आपल्या फोनमधून बँकेच्या नावे एक एसएमएस जावा लागतो. एरवी व्हॉट्सॲपवर भागवणाऱ्यांना आपला एसएमएस बंद असल्याचे तिथेच कळते.

शेजारच्या काकांचे असेच झाले. नवा फोन घेतला, सिम जुनेच. नोंदणी होईना, म्हणून फोन रीसेट केला, तरी तेच. मग सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिले. तिथूनही मेसेज जाईना. म्हणजे दोष फोनचा नव्हता. बॅलन्स होता, सिमही नुकतेच बदललेले नव्हते. (सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात, तेव्हा थांबणे हाच उपाय.) उरला सेंटरचा नंबर.

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये पहिला कोड टाकून फोनच्या माहितीत SMSC शोधायचे आणि Refresh दाबायचे. आयफोनवर दुसरा कोड टाकून कॉलचे बटण दाबायचे.

```
*#*#4636#*#*
*#5005*7672#
```

सॅमसंगवर पहिला कोड अनेकदा चालत नाही. तिथे मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये मेसेज सेंटर दिसते.

काकांच्या सिमवर दुसऱ्याच कंपनीच्या सेंटरचा नंबर निघाला. जुन्या फोनवर कुणीतरी तो बदलला होता. सिमवर लिहिलेला असल्याने रीसेटने पुसला गेला नाही. कस्टमर केअरकडून आपल्या सर्कलचा नंबर घेतला, +91 सकट भरला, Update दाबून फोन बंद करून सुरू केला. पहिला मेसेज गेला.

काही फोन हा बदल स्वीकारत नाहीत. तेव्हा सिम बटणांच्या साध्या फोनमध्ये घालून नंबर दुरुस्त करावा, नाहीतर कंपनीकडून सिम बदलून घ्यावे. नंबर बरोबर असूनही मेसेज अडत असेल, तर सेटिंगमध्ये हात न घालता कंपनीकडे तक्रार नोंदवावी, कारण दोष बहुधा त्यांच्या बाजूला असतो.