तपकिरी बाटलीतली हवा

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन या एकाच द्रव्याचा असतो. ताजे, शुद्ध लिमोनिन त्वचेला सहसा बाधत नाही. त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळत गेला की हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात, आणि ॲलर्जी आणणारी खरी द्रव्ये तीच. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचेही तसेच. गवती चहाच्या तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यातले सिट्रल ताजेपणीही काहींना बाधते.

तपकिरी काच अतिनील किरण आणि निळा प्रकाश अडवते, त्यामुळे ऑक्सिडीकरण मंदावते. निळी काच दिसायला सुंदर, पण या कामात उणी पडते. ऑक्सिजन मात्र काचेतून नव्हे, बुचातून येतो, म्हणून बाटलीच्या रंगाइतकेच तेलावरच्या रिकाम्या जागेकडे लक्ष हवे.

याचा हिशेब सोपा आहे. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत नव्वद मिलिलिटर तेल असेल, तर वरच्या हवेतला सगळा ऑक्सिजन खर्ची पडूनही लिटरमागे जेमतेम 1 मिलिमोल पेरॉक्साइड होते. बाटली निम्मी झाली की हाच आकडा 9 च्या आसपास जातो, आणि तळाशी दहा मिलिलिटर उरले की 75 च्या वर. सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लिमोनिनयुक्त तेलांसाठी घातलेली मर्यादा 20 ची आहे. बूच उघडले की आत नवी हवा येते, हे वेगळेच. म्हणून तेल अर्ध्यावर आले की ते लहान बाटलीत काठोकाठ ओतावे.

बेळगाव–निपाणी पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या छपराखालचे कपाट त्याहून तापते. तिथे ही प्रक्रिया झपाट्याने होते. फ्रिजमध्ये घट्ट बूच लावून ठेवणे बरे, मात्र बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत दव धरते. लिंबूवर्गीय तेले उघडल्यापासून साधारण वर्षभरात संपवावीत. चंदनाचे तेल मात्र बरीच वर्षे टिकते.

बिघाड ओळखणे अवघड असते. टर्पेंटाइनसारखा वास, घट्टपणा, बुचाभोवतीचा चिकट थर ही उशिराची लक्षणे, त्याआधी नाकाला काही कळत नाही. बेळगावच्या राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्थेत पश्चिम घाटातल्या वनस्पतींच्या तेलांचे घटक तपासले गेले आहेत. अशा तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या वायुवर्णलेखन यंत्रात उष्णतेने हायड्रोपेरॉक्साइडे फुटतात, म्हणून ती आयोडीनच्या चाचणीने मोजतात. फार जुन्या तेलात ती आपोआप विघटित होतात आणि आकडा खाली येतो, तरी तेल निर्धोक झालेले नसते.

पहिल्या वापरात बहुधा काहीच जाणवत नाही. पेरॉक्साइडे त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांची ओळख लक्षात ठेवते. पुढच्या एखाद्या वापरानंतर एक-दोन दिवसांनी लाली, खाज, पुरळ उठते. एकदा जडलेली ही संवेदनशीलता सहसा जन्मभर राहते, आणि त्याच द्रव्याचा अंश असलेला साबण किंवा अत्तरही मग त्रास देऊ शकतो.