राजीनाम्यानंतरचा मेसेज

ऑफिसात असताना जे बोलायचं टाळलं, ते एकाने नोकरी सोडल्यावर बोलता येतं. पण निरोपाचा केक कापला की लगेच नाही. अनुभवाचं पत्र, शेवटचा हिशोब, नव्या कंपनीकडून येणारा चौकशीचा फोन, हे सगळं उरकू द्यावं. तुम्ही तिचे वरिष्ठ असाल तर फारच जपून, कारण तुमच्या शब्दावर तिची पुढची नोकरी अडलेली असू शकते.

समजा, हिंजवडीतली ती महिन्यापूर्वी गेली. त्याने लिहिलं, “बसमध्ये खिडकीची जागा मिळते आता, पण भांडायला कोणी नाही.” यात लाडिक चिडवणं आहे, उत्तराची सक्ती नाही. ती म्हणाली, “शनिवारी भांडू की! कुठे भेटायचं?” म्हणजे तिलाही ओढ आहे. नुसता अंगठा आला असता, किंवा तिने जुन्या टीमची चौकशी करून विषय संपवला असता, तर तिथेच थांबायचं. ऑफिसातलं तिचं हसून बोलणं कामाचा भाग असू शकतं; आता मात्र ती स्वतःहून काय विचारते, यावरून खरं कळतं. आणि भेटल्यावर बॉसच्या गप्पांतच तास गेला, तर नातं अजून ऑफिसातच आहे.