‘ड्यूस’ म्हणजे बरोबरी नव्हे!

टेनिसचा सामना पाहताना एक विसंगती सहज लक्षात येते. दोघांचे गुण पंधरा-पंधरा झाले की पंच ‘फिफ्टीन ऑल’ म्हणतात, तीस-तीस झाले की ‘थर्टी ऑल’. मात्र चाळीस-चाळीस होताच ‘फॉर्टी ऑल’ न म्हणता ‘ड्यूस’ असा पुकारा होतो. बरोबरी तर तिन्ही वेळा झालेली असते. मग तिसऱ्या वेळी वेगळा शब्द का? कारण हा शब्द मुळात बरोबरी सांगण्यासाठी आलेलाच नाही.

लॉन टेनिस एकोणिसाव्या शतकातले असले, तरी त्याची गुणमोजणी फार जुनी आहे. १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा भरली, तेव्हा आयोजकांनी बंदिस्त दालनात खेळल्या जाणाऱ्या जुन्या टेनिसची पद्धत स्वीकारली. तो खेळ मूळचा फ्रान्सचा. त्यात प्रत्येक गुण पंधराचा असे : पंधरा, तीस, पंचेचाळीस आणि चौथ्या गुणाला गेम. पुढे उच्चाराच्या सोयीने पंचेचाळीसचे चाळीस झाले, असे मानले जाते.

आता दोन्ही खेळाडू पंचेचाळीसवर आहेत असे समजा. नेहमीच्या हिशेबाने प्रत्येकाला गेमसाठी एकच गुण हवा. पण इतक्या अटीतटीच्या गेमचा निकाल एका चेंडूवर लागू नये, म्हणून अंतर वाढवले जाई. जिंकायला आता एक नव्हे, लागोपाठ दोन गुण हवेत. या स्थितीला फ्रेंचमध्ये ‘आ दो’, म्हणजे ‘दोनवर’, म्हणत. इटलीच्या अंतोनियो स्काइनो यांनी १५५५ मध्ये चेंडूच्या खेळांवर लिहिलेल्या ग्रंथातही ‘आ दुए’ ही संज्ञा येते. इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधला ‘दोन’ उचलला आणि त्याचा ‘ड्यूस’ झाला. पत्त्यांतल्या दुर्रीलाही इंग्रजीत ड्यूसच म्हणतात. थोडक्यात, ‘ड्यूस’ हा शब्द झालेले गुण मोजत नाही. तो उरलेले अंतर सांगतो.

पुढचा शब्द या अर्थाला धरूनच येतो. ड्यूसनंतर गुण मिळवणाऱ्याला ‘ॲडव्हान्टेज’ मिळते. फ्रेंच ‘आवाँताज’ हा शब्द ‘आवाँ’, म्हणजे ‘पुढे’, यावरून आला. सोळाव्या शतकाच्या सुमारास, त्याचा आरंभ लॅटिन ‘अद्’ या उपसर्गाने होतो अशा चुकीच्या समजुतीने, इंग्रजीत त्यात ‘ड’ घुसला. त्यामुळे आज आपल्याला तो ‘फायदा’ वाटत असला, तरी मूळ आशय ‘एक पाऊल पुढे’ एवढाच आहे. दोनांपैकी एक अंतर कापले, एक उरले. तो गुण हुकला, तर पुन्हा ‘दोनवर’ यायचे.

‘लव्ह’ची कथा मात्र निराळी. शून्याचा आकार अंड्यासारखा. फ्रेंचमध्ये अंड्याला ‘लफ’ म्हणतात आणि त्याचेच ‘लव्ह’ झाले, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. शून्याला ‘भोपळा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती पटकन पटतेही. क्रिकेटमधला ‘डक’ खरोखरच बदकाच्या अंड्यावरून आला. पण फ्रेंच पंच टेनिसमध्ये साधे ‘झेरो’ म्हणतात, आणि शून्यासाठी ‘लव्ह’ हा इंग्रजी शब्द आधी भेटतो तो टेनिसमध्ये नव्हे, तर पत्त्यांच्या डावात. एडमंड हॉइल यांच्या १७४२ च्या व्हिस्टवरील पुस्तिकेत तो आहे.

पत्त्यांचा हा संबंध महत्त्वाचा आहे. पैसे न लावता खेळण्याला इंग्रजीत ‘प्रेमाखातर खेळणे’ म्हणत. ‘ना प्रेमाखातर, ना पैशासाठी’ अशा अर्थाचा वाक्प्रचारही त्या भाषेत जुना आहे. प्रेमाखातर, म्हणजे हाती काही न पडता. त्यातूनच ‘लव्ह’ म्हणजे ‘काही नाही’ हा अर्थ आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. लेखी पुरावा याच बाजूने झुकतो. अंड्याच्या कथेला तसा आधार मिळत नाही.

ड्यूसची गंमत मात्र अजून संपलेली नाही. व्यावसायिक दुहेरीच्या अनेक स्पर्धांत आता वेळ वाचवण्यासाठी चाळीस-चाळीसनंतर एकाच गुणावर गेम संपवला जातो. ॲडव्हान्टेजची पायरीच तिथे उरत नाही. तरीही पंच ‘ड्यूस’ असेच पुकारतात. म्हणजे जिंकायला एकच गुण हवा असताना, ‘अजून दोन’ असे सांगणारा शब्द उच्चारला जातो.