दोन घरांत एकच चित्रपट

‘वॉच पार्टी’ म्हणजे दूर राहणाऱ्यांनी एकच चित्रपट एकाच वेळी पाहण्याची सोय. तिच्यात चित्रपट एका घरातून दुसऱ्या घरी पाठवला जात नाही. प्रत्येक घर तो आपापल्या खात्यातून स्वतंत्रपणे पाहते. ‘चालू केला’, ‘थांबवला’, ‘अमुक मिनिटावर नेला’ एवढेच छोटे संदेश घरांमध्ये फिरतात. २०२० मध्ये ‘नेटफ्लिक्स पार्टी’ हे नाव बदललेले ‘टेलिपार्टी’ हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन याच पद्धतीने चालते. म्हणून दोन्हीकडे सबस्क्रिप्शन लागते आणि तो चित्रपट दोन्ही देशांत उपलब्ध असावा लागतो.

समजा, आजी-आजोबा पुण्यात आणि मुलगी न्यू जर्सीत आहे. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे अकरा झालेले असतात. मुलीने ४२ मिनिटे १० सेकंदांवर चित्रपट थांबवला, की तो आकडा पुण्याला जातो. संदेश पोहोचेपर्यंत पुण्यातला चित्रपट किंचित पुढे गेलेला असतो. तो त्याच आकड्यावर मागे आणला जातो. इथवर अडचण नसते.

अडचण येते ती पुण्यातले इंटरनेट मंदावून चित्रपट सहा सेकंद अडकला तर. अशा वेळी मुख्यतः दोन मार्ग असतात. सगळ्यांना थांबवले तर वारंवार खंड पडतो. न थांबवता पुण्याला पुढे उडी मारायला लावली, तर आजी-आजोबांचे सहा सेकंदांचे संवाद बुडतात. एका खात्यावर जाहिराती येत असतील आणि दुसऱ्यावर नसतील, तरीही असाच फरक पडतो.

हा फरक किती जाणवेल, हे गप्पांच्या प्रकारावर ठरते. लिहून मारलेल्या गप्पांत दोन सेकंदांचा फरक खपून जातो, कारण टाइप करायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. मात्र टाइप करताना पडद्यावरून नजर हटते. बोलताना उलट घडते. आवाज सेकंदाच्याही आत पोहोचतो, त्यामुळे पुढे असलेल्या घरातले हसू विनोदाच्या आधीच ऐकू येते.

टीव्हीवर चित्रपट आणि फोनवर व्हिडिओ कॉल असेल, तर आणखी एक त्रास होतो. फोन स्वतःच्या स्पीकरचा आवाज माइकमधून वगळू शकतो. पण टीव्हीचा आवाज त्याच्या दृष्टीने परका असतो, म्हणून तो पलीकडे जातो. तिथे प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येऊ लागला, की जुळणी बिघडल्याचे ओळखावे. दोघांनी पडद्यावरचा वेळ वाचून तो पुन्हा जुळवावा आणि टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. ॲपलच्या फेसटाइममध्ये २०२१ साली आलेल्या ‘शेअरप्ले’त चित्रपट आणि कॉल एकाच यंत्रावर चालवता येतात, त्यामुळे कोणी बोलू लागले की चित्रपटाचा आवाज आपोआप खाली येतो.

कॉलवर ‘स्क्रीन शेअर’ करून दुसऱ्या सबस्क्रिप्शनचा खर्च वाचवता येईल असे वाटते. पण बहुतेक ओटीटी सेवांचे चित्रण कॉपीपासून संरक्षित असते, त्यामुळे पलीकडे बऱ्याचदा काळा पडदाच दिसतो.