वकिलांचे शेरे आणि निवेदनाची बोली

रखडलेल्या गृहप्रकल्पावरचा माहितीपट घ्या. निवेदनात वाक्य आहे : ‘बिल्डरनं लोकांचे पैसे लाटले.’ वकिलांचा लेखी शेरा येतो : ‘आरोप सिद्ध नाही. कथितरीत्या घाला.’ तो शब्द तसाच घातला की ‘विकासकाने कथितरीत्या अपहार केल्याचा आरोप आहे’ असं नोटिशीसारखं वाक्य तयार होतं. ‘कथित’ आणि ‘आरोप’ एकाच वाक्यात आले, तरी आरोप कुणाचा हे कळतच नाही.

वकिलांचा आक्षेप खरं तर एकाच गोष्टीला असतो : न्यायालयानं अजून न ठरवलेली गोष्ट निवेदक स्वतःच्या तोंडून ठरवून टाकतो. म्हणून वाक्य फोडावं आणि बोलणारा पुढे आणावा. ‘लोकांनी पैसे भरले. इमारत उभी राहिली नाही. पैसे दुसरीकडे वळवले, असं पोलिसांचं आरोपपत्र म्हणतं. बिल्डरला हे मान्य नाही. खटला सुरू आहे.’ पहिल्या दोन वाक्यांना पावत्या आणि जागेचं चित्रण हवं, तिसऱ्याला आरोपपत्राची प्रत.

मग चित्राबरोबर वाचून पाहावं. ‘पैसे वळवले’ या शब्दांवर बिल्डरचा हसरा चेहरा आला, तर शब्दांनी टाळलेला निकाल चित्र देऊन टाकतं. बदललेला मजकूर, पुराव्यासह, वकिलांकडे पुन्हा पाठवावाच.